गोळाफेकीचे मैदान आणि ६९८ मीटरचा कंस

शाळेच्या क्रीडांगणावर गोळाफेकीसाठी आखलेली जागा तुम्ही पाहिली असेल. खेळाडू एका लहान वर्तुळात उभा राहून गोळा फेकतो. त्या वर्तुळाच्या केंद्रापासून निघालेल्या दोन सरळ पांढऱ्या रेषा पुढे पसरत जातात, आणि गोळा या दोन रेषांच्या आतच पडावा लागतो. जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांप्रमाणे या दोन रेषांमधला कोन ३४.९२ अंश असतो. केंद्रापासून ठरावीक अंतरावर चुन्याने कंस काढला, की दोन रेषा आणि तो कंस मिळून भूमितीतली वर्तुळपाकळी तयार होते.

समजा, केंद्रापासून २० मीटर अंतरावरचा कंस चुन्याने आखायचा आहे. या कंसाची लांबी किती? आणि या पाकळीच्या आकाराच्या जागेचे क्षेत्रफळ किती?

वरच्या वर्गांत आपण दोन आटोपशीर सूत्रे शिकतो. कंसाची लांबी s, त्रिज्या r आणि केंद्रीय कोन θ असेल तर

s = rθ आणि A = ½r²θ

एका वहीत हे गणित असे सोडवलेले आहे:

s = २० × ३४.९२ = ६९८.४ मीटर
A = ½ × २० × २० × ३४.९२ = ६९८४ चौरस मीटर

गुणाकार अचूक आहे आणि सूत्रेही बरोबर लिहिली आहेत, तरी दोन्ही उत्तरे चूक आहेत. चूक कोठे झाली हे आपण पाहूच. पण त्याहून उपयोगी प्रश्न दुसरा आहे. पुस्तकाच्या शेवटी दिलेले उत्तर न पाहता, ही उत्तरे चुकली आहेत हे ओळखायचे कसे?

सूत्राला रेडियन का लागतात?

कंसाच्या लांबीचे मूळ गणित अगदी सोपे प्रमाण आहे. पूर्ण वर्तुळाचा कोन ३६० अंश आणि पूर्ण वर्तुळाचा कंस म्हणजे परीघ, २πr. कोन वर्तुळाचा जितकावा भाग असेल, कंसही परिघाचा तितकावाच भाग असतो. म्हणून कोन अंशांत असेल तर

s = (θ ÷ ३६०) × २πr

असे सूत्र मिळते. हे सूत्र अंशांसाठीच आहे, कारण त्यातले ३६० हे अंशांतले पूर्ण वर्तुळ आहे.

आता कोन मोजण्याचे दुसरे माप घेऊ. वर्तुळाच्या त्रिज्येएवढा दोरा घ्या आणि तो परिघावर वाकवून बसवा. त्या दोऱ्याची दोन टोके केंद्राशी जोडली, की जो कोन होतो त्याला एक रेडियन म्हणतात. परीघ त्रिज्येच्या २π पट असल्यामुळे पूर्ण वर्तुळात असे २π रेडियन मावतात. तेव्हा वरच्या सूत्रात ३६० च्या जागी २π येईल, तो बाहेरच्या २π बरोबर छेदला जाईल, आणि s = rθ एवढेच उरेल. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला, म्हणजे πr² ला, याच रीतीने θ ÷ २π ने गुणले की A = ½r²θ मिळते.

म्हणजे s = rθ या सूत्राचा अर्थ असा : कंसात त्रिज्या किती वेळा मावते ती संख्या म्हणजे θ. ही संख्या रेडियनच असते. ३४.९२ ही संख्या अंशांची आहे. ती या सूत्रात घालणे म्हणजे कंसात त्रिज्या जवळजवळ पस्तीस वेळा मावते असे म्हणणे होय. पण अख्ख्या परिघातसुद्धा त्रिज्या सहा वेळा आणि थोडी अधिक एवढीच मावते!

खरे तर ६९८.४ मीटर हे उत्तर एका वेगळ्याच प्रश्नाचे आहे. २० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ १२५.६६ मीटर असतो. ६९८.४ ला त्याने भागा, म्हणजे साधारण ५.५६ येतात. वर्तुळाभोवती दोरी साडेपाच वेढ्यांहून थोडी जास्त गुंडाळली, तर ती एवढी लांब लागेल. ३४.९२ रेडियन म्हणजे ही एवढी प्रदक्षिणा. आपल्याला हवा आहे वर्तुळाचा जेमतेम दहावा भाग.

योग्य रीत अशी. १८० अंश म्हणजे π रेडियन. म्हणून

θ = ३४.९२ × π ÷ १८० = ०.६०९५ रेडियन (जवळजवळ)
s = २० × ०.६०९५ = १२.१९ मीटर
A = ½ × ४०० × ०.६०९५ = १२१.९ चौरस मीटर

उत्तर कोणत्या दोन संख्यांच्या मध्ये हवे?

आता पडताळा. चांगला पडताळा सूत्रावर अवलंबून नसावा. ज्या सूत्रात चूक होण्याचा धोका आहे, तेच सूत्र पुन्हा वापरून पडताळा घेतला, तर तीच चूक पुन्हा होण्याचा संभव असतो. म्हणून आपण उत्तराला दोन्ही बाजूंनी कुंपण घालू.

पहिले कुंपण परिघाचे. ३६ अंश म्हणजे वर्तुळाचा बरोबर दहावा भाग. आपला कोन ३४.९२ अंश, म्हणजे त्याहून थोडा लहान. तेव्हा कंस परिघाच्या दहाव्या भागाहून, म्हणजे १२.५७ मीटरहून, थोडा लहानच असला पाहिजे.

दुसरे कुंपण जीवेचे. कंसाची दोन टोके सरळ रेषेने जोडली की जीवा मिळते. दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर सरळ रेषेतले, म्हणून कंस नेहमी जीवेपेक्षा लांब असतो. आपल्या उदाहरणात ही जीवा मोजणे फार सोपे आहे, कारण ३४.९२ ही विचित्र दिसणारी संख्या मैदान आखणाऱ्यांच्या सोयीचीच आहे. मैदानावर एवढा मोठा कोनमापक कोण आणणार? म्हणून दोन्ही रेषांवर केंद्रापासून २० मीटरवर एकेक खूण करतात आणि त्या दोन खुणांमधले अंतर १२ मीटर ठेवतात, म्हणजे कोन आपोआप ३४.९२ अंशांचा होतो. तेव्हा आपली जीवा १२ मीटर आहे, आणि ती मोजपट्टीने प्रत्यक्ष मोजता येते.

म्हणजे कंसाची लांबी १२ मीटरपेक्षा जास्त आणि १२.५७ मीटरपेक्षा कमी हवी. आपले १२.१९ हे उत्तर त्या दोन कुंपणांच्या मध्ये नेमके बसते. ६९८.४ मात्र कुंपणाच्या कितीतरी बाहेर पडते.

क्षेत्रफळालाही असेच कुंपण घालता येते. पूर्ण वर्तुळाचे क्षेत्रफळ १२५६.६ चौरस मीटर, म्हणून पाकळीचे क्षेत्रफळ त्याच्या दहाव्या भागाहून, १२५.७ चौरस मीटरहून, थोडे कमी हवे. उलट बाजूने, जीवा आणि दोन त्रिज्या मिळून होणारा त्रिकोण पाकळीच्या आतच मावतो. त्याचा पाया १२ मीटर. त्याची उंची पायथागोरसच्या प्रमेयावरून २० × २० − ६ × ६ = ३६४ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १९.०८ मीटर. म्हणून त्रिकोणाचे क्षेत्रफळ सुमारे ११४.५ चौरस मीटर. पाकळी त्याहून मोठी हवी. १२१.९ हे उत्तर ११४.५ आणि १२५.७ यांच्या मध्ये पडते. ६९८४ चौरस मीटर हे तर अख्ख्या वर्तुळाच्या साडेपाच पट झाले!

एक गोष्ट ध्यानात ठेवा. π साठी ३.१४ घेतले तर कंस १२.१८ मीटर येईल आणि २२/७ घेतले तर १२.१९ मीटर. हा एका सेंटिमीटरचा फरक चूक नव्हे. आपण शोधत आहोत ती चूक सत्तावन्न पटींची आहे.

कोन १८० अंशांहून मोठा असेल तर मात्र जीवेचे कुंपण ढिले पडते, कारण कोन वाढत गेला की जीवा पुन्हा लहान होऊ लागते. ३०० अंशांच्या कंसाची जीवा ६० अंशांच्या जीवेइतकीच असते. अशा वेळी उरलेला कंस पाहावा. तो परिघाच्या सहाव्या भागाएवढा, म्हणून आपला कंस परिघाच्या पाच षष्ठांश हवा.

जो पडताळा फसवतो

अनेक विद्यार्थी एक वेगळाच पडताळा घेतात. कंसाची लांबी आणि पाकळीचे क्षेत्रफळ यांचा संबंध A = ½ × s × r असा आहे. पाकळी म्हणजे जणू s पाया आणि r उंची असलेला त्रिकोण. या संबंधाने आपली बरोबर उत्तरे तपासू : ½ × १२.१९ × २० = १२१.९. जुळले!

आता याच रीतीने चुकीची उत्तरे तपासा : ½ × ६९८.४ × २० = ६९८४. तीही जुळली!

असे का झाले? कारण दोन्ही उत्तरांत एकच चुकीचा कोन शिरला आहे. दोन्ही सारख्याच पटीने फुगली, म्हणून त्यांचा परस्परसंबंध बिघडला नाही. दोन घड्याळे एकाच चुकीच्या वेळेला लावली, तर ती एकमेकांशी जुळतील, पण वेळ दोन्हींची चुकीचीच असेल. ½ लिहायचा राहिला, त्रिज्येचा वर्ग करायचा विसरला, अशा चुका हा पडताळा पकडतो. अंश आणि रेडियन यांची गल्लत तो कधीच पकडत नाही. तेव्हा उत्तरे एकमेकांशी जुळली एवढ्यावर समाधान मानू नका.

लहान कोनाचा धोका

गोळाफेकीच्या गणितात चुकीचे उत्तर परिघाहून मोठे निघाले, म्हणून ते चटकन दिसले. पण प्रत्येक वेळी असे होत नाही. आगगाडीचा रूळ वळतो तेथले एक उदाहरण घ्या.

आपल्याकडे रेल्वेच्या वळणाची तीव्रता अंशांत सांगतात. वळणाच्या ३०.५ मीटर लांबीने केंद्राशी जेवढ्या अंशांचा कोन होतो, तेवढ्या अंशांचे ते वळण. २ अंशांच्या वळणाची त्रिज्या सुमारे ८७५ मीटर असते. आता सूत्र लावून पडताळा घेताना कोणी s = ८७५ × २ = १७५० मीटर असे लिहिले, तर? या वर्तुळाचा परीघ सुमारे ५५०० मीटर आहे. १७५० त्याहून कमीच आहे! परिघाशी नुसती तुलना केली तर ही चूक निसटून जाईल. असे का, तेही सोपे आहे. चुकीचे उत्तर परिघाहून मोठे व्हायला कोनाची संख्या २π हून, म्हणजे सुमारे ६.२८ हून मोठी असावी लागते. त्याहून लहान अंशांत हा पडताळा आंधळा ठरतो.

येथे त्रिज्येशी तुलना करावी. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश, आणि तेथे कंस बरोबर त्रिज्येएवढा असतो. कोन ५७ अंशांहून लहान असेल तर कंस त्रिज्येहून लहानच हवा. २ अंशांच्या कोनासाठी १७५० मीटरचा कंस त्रिज्येच्या दुप्पट आहे, म्हणून हे उत्तर चूक. खरे उत्तर ८७५ × २ × π ÷ १८० = ३०.५ मीटर, म्हणजे व्याख्येत आहे तेच.

पण त्रिज्येचीही तुलना फसेल असे उदाहरण आकाशात आहे. चंद्राची तबकडी पृथ्वीवरून सुमारे अर्ध्या अंशाची दिसते आणि चंद्राचे सरासरी अंतर सुमारे ३,८४,००० किलोमीटर आहे. एवढ्या लहान कोनाचा कंस आणि जीवा यांत फरक जवळजवळ नसतोच, म्हणून s = rθ या सूत्राने चंद्राचा व्यास काढता येतो. रूपांतर न करता गुणले तर ३,८४,००० × ०.५ = १,९२,००० किलोमीटर. हे उत्तर परिघाहून लहान आहे आणि त्रिज्येहूनही लहान आहे. दोन्ही तुलना त्याला बिनबोभाट सोडून देतात.

आता भागाचा विचार करा. अर्धा अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा ७२० वा भाग. ३,८४,००० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे २४,१३,००० किलोमीटर. त्याला ७२० ने भागले की ३,३५१ किलोमीटर येतात. चंद्राचा प्रत्यक्ष व्यास ३,४७४ किलोमीटर आहे. थोडा फरक राहिला, कारण चंद्राचा सरासरी कोन अर्ध्या अंशाहून किंचित जास्त, सुमारे ०.५२ अंश असतो. आणि ते १,९२,००० किलोमीटर? पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे. चंद्र पृथ्वीच्या पंधरा पट रुंद झाला असता!

तेव्हा कोन लहान असो वा मोठा, ज्याच्या तावडीतून गल्लत सुटत नाही असा पडताळा एकच : कोन वर्तुळाचा कितवा भाग, आणि आपले उत्तर परिघाचा तितकावा भाग आहे का?

उलटी गल्लत

काही विद्यार्थी रूपांतर करायला विसरत नाहीत. उलट ते नको तेथे करतात. कोन ०.६०९५ रेडियन असा काढायचा आणि तो अंशांच्या सूत्रात घालायचा :

s = (०.६०९५ ÷ ३६०) × १२५.६६ = ०.२१ मीटर

हे उत्तर परिघाहूनही लहान, त्रिज्येहूनही लहान. वरून घातलेले कुंपण येथे निरुपयोगी आहे. खालून घातलेले, जीवेचे, कुंपण मात्र लगेच बोलते. ज्या दोन खुणा एकमेकींपासून १२ मीटर दूर आहेत, त्यांना जोडणारा कंस एकवीस सेंटिमीटरचा कसा असेल? म्हणूनच दोन्ही बाजूंची कुंपणे हवीत.

चूक कोणती झाली हेही उत्तरावरून ओळखता येते. तुमच्या उत्तराला अंदाजाच्या उत्तराने भागा. भागाकार सुमारे ५७ आला तर रूपांतर राहिले. सुमारे ५७ वा भाग आला तर रेडियन अंशांच्या सूत्रात शिरले. दुप्पट किंवा निम्मे आले तर चूक निराळी आहे, कदाचित ३६० च्या जागी १८० लिहिले असेल किंवा त्रिज्येच्या जागी व्यास घेतला असेल.

हे ५७.३ आर्यभटालाही ठाऊक होते

रेडियन हा शब्द नवा आहे. १८७३ मध्ये बेलफास्ट येथील क्वीन्स कॉलेजातील जेम्स थॉमसन यांच्या प्रश्नपत्रिकेत तो प्रथम छापला गेला. पण कंस आणि त्रिज्या एकाच मापाने मोजण्याची कल्पना फार जुनी आहे. इ. स. ४९९ मधील 'आर्यभटीय' या ग्रंथातली ज्यांची, म्हणजे अर्धजीवांची, सारणी पाहा. एका अंशाच्या ६० कला, म्हणून पूर्ण परीघ २१,६०० कलांचा. त्या परिघाला शोभेल अशी त्रिज्याही त्यात कलांमध्येच घेतलेली आहे : ३४३८ कला. आता ३४३८ ला ६० ने भागून पाहा. ५७.३ अंश! त्रिज्येएवढ्या कंसाचा कोन तो हाच.

म्हणून कोनाच्या संख्येपुढचे अंशाचे लहान वर्तुळ लिहायला कधी विसरू नका. ते चिन्ह गळले की ३४.९२° चे ३४.९२ रेडियन होतात आणि कंस वर्तुळाभोवती साडेपाच वेढे घालून येतो.

तुम्ही करून पाहा

१. घड्याळाचा मिनिट काटा १०.५ सेंटिमीटर लांब आहे. २० मिनिटांत त्याच्या टोकाने कापलेले अंतर आणि काट्याने झाकून काढलेले क्षेत्रफळ काढा. (π = २२/७) दोन्ही उत्तरांचा पडताळा भागाच्या रीतीने घ्या.

२. त्रिज्या १४ मीटर, कोन ४५°. एकाचे उत्तर s = ६३० मीटर, दुसऱ्याचे s = ०.१९ मीटर आणि तिसऱ्याचे s = २२ मीटर. प्रत्येकाची चूक कोणती?

३. चुकीचे उत्तर त्रिज्येहूनही लहान येण्यासाठी अंशांतला कोन किती अंशांहून लहान हवा?

उत्तरे : १. कोन १२०°, म्हणजे वर्तुळाचा तिसरा भाग; अंतर २२ सेंमी, क्षेत्रफळ ११५.५ चौ. सेंमी. २. बरोबर उत्तर ११ मीटर. पहिल्याने रूपांतर केले नाही. दुसऱ्याने रेडियन अंशांच्या सूत्रात घातले. तिसऱ्याचे उत्तर दुप्पट आहे, त्याने ३६० च्या जागी १८० लिहिले असावे किंवा त्रिज्येच्या जागी व्यास घेतला असावा. ३. १ अंशाहून.